पॉलिसीतले अपवाद मराठीत समजावून देतो म्हणाला आणि ४६,४४० रुपये घेऊन गेला

वडोदऱ्यात छोटा धंदा असलेल्या आणि विम्याची इंग्रजी पॉलिसी कपाटात ठेवून निर्धास्त असलेल्या प्रत्येक मराठी माणसाने हे वाचावं. मी लाज बाजूला ठेवून लिहितोय, कारण तो माणूस अजून मोकळा आहे आणि आपल्याच लोकांत फिरतोय.

माझा श्रीखंड-बासुंदीचा छोटा कारखाना आहे, मागे चक्का ठेवायला कोल्ड रूम. विमा पहिल्यापासून आहे. एका जागेवरची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असलेल्या धंद्याला १ एप्रिल २०२१ पासून जी ठरावीक अग्निविम्याची पॉलिसी मिळते, तीच. त्यात पूर, वादळ, आग सगळं येतं एवढं मला माहीत होतं. काय येत नाही ते बारीक अक्षरातल्या इंग्रजी पानांवर होतं. मी गुजराती माध्यमात शिकलो, घरात मराठी. कोर्टकचेरीचं इंग्रजी वाचणं हे माझं काम नाही, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

जून २०२४ मध्ये दांडिया बाजारातल्या एका लग्नात हा भेटला. स्वच्छ मराठी, नमस्कार वाकून, प्रत्येक वाक्याला "काका". म्हणाला, "काका, पॉलिसीत काय मिळतं ते एजंट सांगतो. काय मिळत नाही ते मी सांगतो. सगळे अपवाद मराठीत काढून देतो, भोकं दाखवतो, ती बुजवूनही देतो." फी ७,५०० रुपये. मी पॉलिसीची झेरॉक्स दिली.

आठवड्याच्या आत दोन पानांचा तक्ता आला. डावीकडे "नुकसानीचं कारण", उजवीकडे "मिळेल" किंवा "मिळणार नाही". पूर : मिळेल. आग : मिळेल. शॉर्ट सर्किट : मिळेल. युद्ध, अणुदुर्घटना : मिळणार नाही. आणि लाल अक्षरात एकच ओळ : "कोल्ड रूममधला माल तापमान बदलल्याने खराब झाल्यास मिळणार नाही." ही ओळ खरी होती. अग्निविम्यात शीतगृहातल्या मालाचं तापमानामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतंच. माझ्या धंद्याचा जीवच त्या कोल्ड रूममध्ये, त्यामुळे माझ्या पोटात गोळा आला. त्याला तेच हवं होतं. खऱ्या भोकावर बोट ठेवूनच त्याने मला पकडलं.

मग त्याने उपाय सांगितला : जोड-संरक्षण घ्यायचं, चालू पॉलिसीला शेपूट जोडून. प्रीमियम ३३,००० आणि जीएसटी ५,९४०, एकूण ३८,९४०. तक्त्यातली लाल ओळ त्याने माझ्यासमोर खोडली आणि हिरव्या पेनने लिहिलं, "वीज गेल्यामुळे माल खराब झाल्यास मिळेल."

आता तो क्षण, जो मला आजही झोपू देत नाही. मी यूपीआयने पैसे भरत होतो. पडद्यावर विमा कंपनीचं नाव नव्हतं, एका बाईचं नाव होतं. मी थांबलो. तो म्हणाला, "काका, आमचं कलेक्शन खातं आहे, कंपनीत उद्या सकाळी चलन जातं." मी पिन टाकला. कोणी म्हणेल एवढंही कळलं नाही? समोर कंपनीचं बोधचिन्ह असलेले कागद होते, माणूस ओळखीच्या घरातल्या लग्नातला, आणि गेली कित्येक वर्षं माझा आधीचा एजंटही चेक स्वतःच घेऊन जायचा. रोज पन्नास जणांना यूपीआय करणाऱ्या दुकानदाराला दर वेळी नाव सारखंच कुठे दिसतं? पण नियम ठाऊक करून घ्या. विमा कायदा १९३८ चं कलम ६४-व्हीबी सांगतं की प्रीमियम कंपनीच्या हाती पडल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही, आणि एजंटने घेतलेला प्रीमियम सुट्ट्या वगळून २४ तासांत कंपनीत भरायचा असतो. म्हणजे पैसे दुसऱ्याच्या खात्यात असतील तर तुमचा विमा शून्य. यूपीआयवर कंपनीचं नाव दिसलं नाही तर पैसे देऊ नका. बस.

नंतर पीडीएफ आली, "एंडॉर्समेंट" लिहिलेली, म्हणजे चालू पॉलिसीत केलेल्या बदलाचा कागद. मूळ पॉलिसीचा नंबर होता, पण एंडॉर्समेंटचा स्वतःचा नंबर नव्हता. पावती नव्हती. संरक्षण कोणत्या तारखेपासून लागू, ते नव्हतं. हे मला तेव्हा कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

ऑगस्ट आला. २६ तारखेची गोकुळाष्टमी, मागोमाग ७ सप्टेंबरचे गणपती. कोल्ड रूममध्ये १,८४० किलो चक्का होता. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, ती ३५ फुटांच्याही वर गेली. आमच्या जोत्याला पाणी लागलं, आत आलं नाही. पण वीज गेली. जनरेटर चालवला, डिझेल संपलं, रस्त्यावर छातीएवढं पाणी, आणणार कुठून? वीज परत येईपर्यंत चक्का आंबून पिवळा पडला होता, दार उघडलं तर वासाने उभं राहवेना. किलोला २६० रुपयांनी ४,७८,४०० रुपयांचा माल खड्ड्यात पुरला.

दावा टाकला, सर्व्हेअर आले. सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तीन प्रश्न विचारले : पाणी आत आलं का? कूलिंगच्या मशीनला काही झालं का? वीज का गेली? मी खरं सांगितलं. पाणी आत आलं नाही, मशीन ठणठणीत, आणि वीज कंपनीने पाणी वाढतंय म्हणून सुरक्षेसाठी सबस्टेशनवरून लाइन बंद केली होती. मग मी ती पीडीएफ दाखवली. त्यांनी शाखेत फोन केला. अशी एंडॉर्समेंट निघालेलीच नाही.

त्याहून मोठा घाव पुढे बसला. मी विचारलं, "खरी असती तर मिळाले असते ना?" ते म्हणाले, "तरीही बहुधा नाही." अग्निविम्यात शीतगृहाच्या मालासाठी दोन जोड-संरक्षणं असतात. एक, विमा उतरवलेल्या आपत्तीने वीज केंद्राचंच नुकसान झालं आणि त्यामुळे अचानक वीज गेली तर. दुसरं, तशाच आपत्तीने तुमच्याच जागेतलं कूलिंगचं मशीन बिघडलं तर. माझ्याकडे दोन्हीपैकी काहीच घडलं नव्हतं. लाइन खबरदारी म्हणून हाताने बंद केली होती. म्हणजे त्या हरामखोराने नसलेलं संरक्षण विकलं, आणि तेही असं, जे खरं असतं तरी "वीज गेल्यास मिळेल" हे वाक्य खोटंच ठरलं असतं. जोड-संरक्षणाची अट गाळून नुसता परिणाम लिहिला, की कोणताही तक्ता गोड दिसतो.

मग पुतण्याला बसवून मूळ पॉलिसी ओळीनओळ वाचून घेतली. तक्त्यात "शॉर्ट सर्किट : मिळेल" होतं. प्रत्यक्षात शॉर्ट सर्किटने जी मोटर जळते ती मोटर वगळलेली असते, तिच्यापासून आग पसरून बाकी जे जळेल ते मिळतं. अपवादाच्या आत अशी परत देणारी ओळ असते, आणि ती न सांगता "मिळेल" किंवा "मिळणार नाही" लिहिणं दोन्ही खोटं. शिवाय सगळे अपवाद "अपवाद" या मथळ्याखालीच नसतात. काही त्या-त्या आपत्तीच्या व्याख्येत असतात, काही अटींमध्ये, काही पहिल्याच पानावरच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशिलाच्या तक्त्यात. चोरी त्या तक्त्यात "मिळेल" होती. पॉलिसीत विमा उतरवलेल्या घटनेमुळे, तिच्यानंतर सात दिवसांत झालेलीच चोरी आहे. साधी रात्रीची कुलूप फोडलेली चोरी नाही.

कोणीही तुम्हाला मराठी सारांश देईल तेव्हा प्रत्येक ओळीपुढे मूळ कलमाचा क्रमांक आणि पान मागा. माझ्या तक्त्यात एकही नव्हता. क्रमांक नसलेली ओळ पडताळता येत नाही, आणि पडताळता येऊ नये म्हणूनच तो लिहीत नव्हता.

आता साहेबलोकांचं ऐका. विमा कंपनीची शाखा : "तो आमचा नाही, तुम्ही आमच्याकडे का आला नाहीत?" अहो, तुमच्याकडे मराठी सोडा, गुजरातीतही अपवाद समजावणारा कोणी नव्हता, फोन वाजत राहायचा! पोलीस ठाण्यात अर्ज घेतला आणि सांगितलं, हा पैशांचा आपसातला व्यवहार आहे, दिवाणीत जा. खोटा दस्त बनवून पैसे घेतले, तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० मध्ये फसवणूक स्पष्ट लिहिलेली आहे, आणि मला सांगतात आपसातला व्यवहार! १९३० वर सायबरवाल्यांना फोन केला, तर म्हणाले फार उशीर झाला, पैसे पुढे गेले असणार. जूनमध्ये फसलोय हे मला ऑगस्टच्या शेवटी कळलं, त्याला मी काय करू? विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली, ती कंपनीकडेच गेली आणि कंपनीने तेच वाक्य परत पाठवलं. अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे माझ्यासारखा एकल मालक जाऊ शकतो, पण तिथे तक्रार कंपनी, एजंट किंवा ब्रोकरविरुद्ध. हा तर परवानाच नसलेला. म्हणजे ज्याने कायदा सर्वांत जास्त मोडला तोच सगळ्यांच्या कक्षेबाहेर! प्रत्येक टेबलावर माझ्या कागदावर शिक्का पडला आणि कागद माझ्याच हातात परत आला. एकानेही त्या खात्याची मालकीण कोण हे शोधण्याची तसदी घेतली नाही, बँकेला एक पत्र लिहायचं होतं फक्त.

परवाना आधीच विचारा. एजंटचा किंवा ब्रोकरचा नोंदणी क्रमांक irdai.gov.in वर आणि कंपनीच्या शाखेत तपासता येतो. "सल्लागार" असं नुसतं कार्ड छापायला काही लागत नाही. फसलात असं वाटलं त्याच तासाला १९३० फिरवा, मला जे सांगितलं ते तुम्हाला सांगायची संधी त्यांना देऊ नका.

यंदा नूतनीकरणाआधी मी शाखेला ईमेलने एकच प्रश्न लिहिला : वीज कंपनीने सुरक्षेसाठी लाइन बंद केली आणि माझा चक्का खराब झाला, तर तुम्ही पैसे देणार की नाही, कलमासह लेखी कळवा. लेखी उत्तर आलं : नाही. मग त्या जोड-संरक्षणावर पैसे न घालवता कोल्ड रूमच्या मागे उंच कट्टा बांधला आणि डिझेलची टाकी त्यावर बसवून घेतली. पोलिसांतला अर्ज अजून प्रलंबित आहे.