एकच घडण, दोन रंग: चांदीची आणि सोनेरी ठुशी पाडवा ते दिवाळी वापरल्यावर

पाडव्याला एकाच घडणीचे दोन सेट घेतले. एक ९२५ चांदीचा, ऑक्सिडाइज्ड. दुसरा पितळेवर सोन्याचं पॉलिश दिलेला, ज्याला बाजारात सर्रास 'एक ग्रॅम' म्हणतात. दोन्हींत ठुशी, झुमके आणि तोडे. घडण मुद्दाम सारखी घेतली, म्हणजे जो फरक दिसेल तो धातूच्या रंगाचाच असेल. माझा वर्ण गव्हाळ, थोडा हिरवट झाकेचा, आणि उन्हाळ्यात हात चेहऱ्यापेक्षा दोन छटा काळवंडतात. सोनेरी की चांदीसारखं, याचं उत्तर वर्णावर किती आणि कपड्यावर किती, एवढंच मला बघायचं होतं.

आधी अंडरटोनचं. मनगटाच्या शिरा हिरव्या दिसल्या तर सोनं घाला, निळ्या दिसल्या तर चांदी, ही चाचणी सगळीकडे सांगतात. आमच्या घरात निमगोऱ्या काकूंपासून सावळ्या जावेपर्यंत सगळ्यांच्याच शिरा हिरवट दिसतात. शीर आपल्याला त्वचेतून दिसते. त्वचेत रंगद्रव्य जास्त असलं की त्याची पिवळसर-तपकिरी छटा मध्ये येते आणि निळं हिरव्याकडे झुकतं. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक वर्णांना ही चाचणी 'सोनं' हेच उत्तर देणार.

त्यापेक्षा असं करा. सकाळी खिडकीशी, थेट ऊन नसलेल्या जागी बसा. ट्यूब बंद, चेहरा धुतलेला, खांद्यावर पांढरी ओढणी. एकदा एक धातू गळ्याशी धरा, मग दुसरा. बघायचं दागिन्याकडे नाही. डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला बघायचं. ज्या धातूने तिथला काळपटपणा उठून दिसतो, तो आपला नाही.

माझ्यावर सोनेरी ठुशी चांगली दिसली आणि ऑक्सिडाइज्ड चांदीही चांगलीच दिसली. पण बहिणीचे पांढरेशुभ्र चांदीचे टॉप्स धरले आणि चेहरा राखाडी झाला. त्या टॉप्सवर ऱ्होडियमचा मुलामा आहे, त्याचा पांढरा निळ्याकडे झुकतो. साधी चांदी त्याहून किंचित उबदार असते, आणि ऑक्सिडाइज्डमध्ये तर खाचांमधला काळा रंगच निम्मं काम करतो. सोन्याचंही तसंच: २२ कॅरेटचा पिवळा वेगळा, १८ कॅरेटचा फिका वेगळा, त्यात तांबं वाढवलं की लालसर झाक येते. त्यामुळे 'तुला चांदी शोभत नाही' असं कुणी म्हटलं, तर कोणती चांदी, हे आधी विचारावं. सावळ्या जावेला माझी ऑक्सिडाइज्ड ठुशी माझ्यापेक्षा जास्त खुलते. काळ्या खाचा तिच्या वर्णात मिसळतात आणि फक्त उजळ कडा पुढे येतात.

आता कपडे. इथे ऐकीव नियम सगळ्यात जास्त कोलमडले. उबदार रंगावर सोनं, थंड रंगावर चांदी असं म्हणतात. माझ्याकडे मोहरी रंगाचा सुती कुर्ता आहे. नियमाप्रमाणे त्यावर सोनेरी सेट हवा. तो घातला की गव्हाळ गळा, पिवळा धातू आणि मोहरी कापड असं सगळं एकाच पिवळ्यात विरघळतं, ठुशीचे मणी तीन फुटांवरून दिसत नाहीत. त्याच कुर्त्यावर ऑक्सिडाइज्ड घातली की काळ्या रेघांनी तिला कड मिळते. ऑफिसात कुर्त्याचं कौतुक झालं ते याच जोडीवर.

उलट गोष्ट निळ्याची. फिकट निळ्या चंदेरीवर खऱ्या सोन्याच्या बांगड्या सुंदर दिसतात, पण एक ग्रॅमचा सेट भडक दिसला. निळ्याशेजारी पिवळा अधिकच पिवळा भासतो, आणि पॉलिश मुळातच २२ कॅरेटपेक्षा जरा जास्त पिवळं दिलेलं असतं. तोच सेट मरून किंवा गर्द वांगी रंगावर मात्र शांत वाटतो, अगदी घरच्या सोन्यासारखा. नकली सोनेरी दागिना असेल तर निळा, करडा, मोतिया हे रंग टाळावेत, हे माझं आता पक्कं मत आहे.

साडीत जर असली की वर्ण आणि कापड दोन्ही मागे पडतात. हिरव्या पैठणीचे काठ-पदर सोनेरी. त्यावर चांदीची ठुशी उसनी आणल्यासारखी दिसली, मग माझा अंडरटोन काहीही असो. इरकलीच्या लाल पदरावर पांढरी वीण असते, तिथे चांदी लगेच जुळते. खणाच्या साडीवर ऑक्सिडाइज्ड घालायची हल्ली फॅशनच आहे. ती चालते, कारण खणाची चमक रेशमाची असते आणि नक्षी बारीक. पण खणाच्या काठाला ठसठशीत सोनेरी जर असेल तर मी सोनेरीच घालते.

रोजचं मंगळसूत्र सोन्याचं, मग चांदी कशी घालायची, हा प्रश्न मैत्रिणी हमखास विचारतात. काळे मणी आणि ऑक्सिडाइज्डचा काळा एकमेकांना धरून राहतात, म्हणून छोटं मंगळसूत्र खटकत नाही. मोठ्या वाट्यांचं असेल तर खटकतं. तेव्हा कानात मोती घालावेत. मोती दोन्ही धातूंशी जमवून घेतात.

हे सगळं पहिल्या दोनेक महिन्यांचं. पुढे पावसाळा आला आणि दागिन्यांचेच रंग बदलले. एक ग्रॅमच्या ठुशीचं पॉलिश मानेच्या मागे, घाम आणि अत्तर लागतं तिथे, आधी उडालं. खालचं पितळ हवा लागून तपकिरी-लालसर झालं. पुढून सेट अजून ठीक दिसतो, पण तोड्यांच्या आतल्या कडा बदलल्यात आणि काळवंडलेल्या मनगटावर त्या मळक्या वाटतात. चांदीवर हवेतल्या गंधकाने पातळ थर चढतो. तो सुरुवातीला काळा नसतो, पिवळसर असतो. म्हणजे श्रावणात माझी चांदी पाडव्यापेक्षा उबदार होती, आणि तेव्हा ती मोतिया रंगावरही जमली, जी आधी तिथे कोरडी दिसायची. तशीच ठेवली तर पुढे तपकिरी आणि मग काळी पडते.

चमकवायचं असेल तर एक सावधगिरी. गरम पाणी, सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइल हा उपाय साध्या चांदीला ठीक, पण ऑक्सिडाइज्डला लावला तर खाचांतला काळाही निघून जातो. मऊ कापडाने फक्त वरच्या कडा पुसाव्यात. घातल्यावर खाज सुटली तर तो दागिना जर्मन सिल्व्हरचा असण्याची शक्यता आहे. त्यात चांदी नसतेच. तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि निकेल अनेकांना सोसत नाही. ९२५चा शिक्का बघून घ्यावं.

चांदीचा सेट मी पुन्हा घेईन. सोनेरीत पुढच्या वेळी पितळेऐवजी चांदीवर मुलामा दिलेला घेणार, पॉलिश उडालं तरी खालून लालसर पितळ वर यायला नको. आणि दुकानात गेले की आधी दारापाशी, उजेडात बघायचं. आतल्या पिवळ्या दिव्यांखाली दोन्ही धातू सारखेच गोड दिसतात.