रेकॉर्डरचा आवाज सरकतोय: ताणायचा की कापायचा?

वेगळ्या रेकॉर्डरवरची सुरुवातीची टाळी कॅमेऱ्याच्या चित्राशी जुळवली, तरी तासाभराच्या टेकमध्ये रेकॉर्डरवरची शेवटची टाळी 3 फ्रेम उशिरा येते. सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत हा फरक 0.12 सेकंदांचा. दोन्ही यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, म्हणून.

मेहनत कापण्यात जास्त: दर 20 मिनिटांनी बोलण्यातली शांत जागा शोधून पुढचा तुकडा 1 फ्रेम अलीकडे ओढायचा. लांबी बदलणं एकदाच: ऑडिओ एडिटरमध्ये 3600.12 सेकंदांचे 3600 करा. एवढ्याने सूर बदललेला कानाला कळत नाही. मात्र सरकणं एकसारखं हवं. मधल्या भागात ओठ आवाजाशी जुळतात का, ते तपासा.

गाणं, अखंड वादन असेल तर लांबीच बदला. मुलाखतीला, किंवा सरकणं अनियमित असेल तर, कापणंच बरं.