हप्त्याने फी, थेट बँकेतून: दहा महिन्यांनंतर

मुलीच्या कॉलेजची वर्षाची फी ९६,०००. एकदम भरणं झेपणार नव्हतं, म्हणून अर्ज करून २४,०००चे चार हप्ते मागून घेतले आणि चारही एनईएफटीने भरले. गेल्या महिन्यात चौथाही भरून झाला. रांग नाही, चेकची भानगड नाही, पुढच्या वर्षीही असंच भरणार. पण दुसऱ्या हप्त्याचा घोळ निस्तरायला दोन हप्त्यांएवढा काळ गेला, त्याबद्दलच लिहिते.

पहिला हप्ता मी माझ्या खात्यातून पाठवला. शेऱ्यात मुलीचं नाव आणि प्रवेश क्रमांक होता. तिसऱ्या दिवशी पावती आली. दुसरा हप्ता नवऱ्याने त्याच्या खात्यातून पाठवला आणि शेऱ्यात नुसतं 'फी' लिहिलं. व्यवहार यशस्वी झाल्याचा मेसेज आला, पोर्टलवर मात्र हप्ता थकीतच. मुदत उलटली तसं ५०० विलंब शुल्कही चढलं.

अकाउंट्स विभागात फोन केला, तर उत्तर एकच: "तुमचे पैसे आलेले नाहीत." मला ते पटेना. एनईएफटीचे व्यवहार अर्ध्या तासाच्या बॅचने जातात, आणि समोरच्या खात्यात पैसे जमा करता आले नाहीत तर बॅच पूर्ण झाल्यापासून दोन तासांत ते परत पाठवायचे असतात. आमचे चार दिवसांनीही परत आले नव्हते. दुसऱ्याच कुणाच्या खात्यात गेले असतील, तर तेही आपोआप परत येत नाहीत. म्हणून खाते क्रमांक पहिल्या हप्त्याशी अंक न् अंक ताडून पाहिला. बरोबर होता. म्हणजे पैसे कॉलेजच्याच खात्यात होते, फक्त ते कोणाचे हे तिथे कुणाला कळत नव्हतं. कॉलेजच्या बँक स्टेटमेंटवर दिसतं ते पाठवणाऱ्याचं नाव, आणि ते माझ्या नवऱ्याचं. त्याच रकमेचे त्याच आठवड्यात आणखी किती जणांचे आले असतील, देव जाणे.

मी आधी ॲपचा स्क्रीनशॉट पाठवला होता. त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण त्यावर ॲपचा स्वतःचा संदर्भ क्रमांक होता. कॉलेजला हवा असतो यूटीआर, म्हणजे दोन्ही बँकांच्या नोंदीत सारखाच दिसणारा क्रमांक. तो नवऱ्याच्या बँक स्टेटमेंटमधल्या त्या ओळीत सापडला. मग ईमेल केली: मुलीचं नाव, वर्ग, प्रवेश क्रमांक, रक्कम, तारीख, यूटीआर, आणि पैसे नवऱ्याच्या नावाच्या खात्यातून आले आहेत हे स्पष्ट वाक्यात. सोबत स्टेटमेंटचं तेवढंच पान, बाकीच्या ओळी झाकून. दुसऱ्याच दिवशी तिथल्या बाईंचा फोन आला, "सापडले हो. बेनामी जमा म्हणून बाजूला ठेवले होते."

इथे मी निर्धास्त झाले, आणि तीच चूक. पावती आली ती नोंद केल्याच्या तारखेची, पैसे जमा झाल्याच्या तारखेची नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या हिशोबाने हप्ता उशिराच होता आणि ५०० तसेच उभे राहिले. पावतीवर ते कुठेच दिसत नव्हते. तिसरा हप्ता मी वेळेत, पूर्ण २४,००० भरला. सॉफ्टवेअरने त्यातून आधी ५०० विलंब शुल्क कापलं आणि उरलेले २३,५०० फीत धरले. म्हणजे तिसरा हप्ता ५००ने अपुरा, आणि मुदत गेल्यावर त्यावरही नवं विलंब शुल्क! पैसे वेळेवर भरूनही आम्ही दोनदा दंडाला पात्र.

हे लक्षात आलं ते तिन्ही पावत्या शेजारी ठेवल्यावर. एका पानावर तारीख, यूटीआर, पाठवलेली रक्कम, पावती क्रमांक आणि पावतीवरची बाकी असं लिहून काढलं. तीन हप्त्यांनंतर बाकी २४,००० हवी होती, पावती म्हणत होती २४,५००. नुसत्या रकमा जुळवल्या असत्या तर कधीच कळलं नसतं, कारण पावतीची एकूण रक्कम २४,०००च होती. विभागणी खाली बारीक अक्षरात.

पुन्हा ईमेल. या वेळी 'दंड माफ करा' असं लिहिलं नाही. दुसरा हप्ता त्यांच्या खात्यात मुदतीआधी जमा झाल्याची तारीख दाखवली आणि पावतीची तारीख दुरुस्त करा, इतकंच मागितलं. माफीसाठी प्राचार्यांची सही लागते, चुकीच्या नोंदीची दुरुस्ती अकाउंट्स विभाग स्वतः करतो, हे त्या बाईंनीच मला सांगितलं होतं. दोन्ही पावत्या रद्द होऊन नव्या आल्या आणि दोन्ही दंड गेले. रद्द झालेल्याही मी ठेवल्या आहेत, कारण नव्यांवर जुने क्रमांक छापलेले नाहीत.

काही कॉलेजं प्रत्येक विद्यार्थ्याला पैसे भरण्यासाठी वेगळा खाते क्रमांक देतात, त्यामुळे पाठवणारा कोणीही असला तरी नोंद बरोबर विद्यार्थ्याच्या नावावर पडते. आमच्याकडे ती सोय नाही. त्यामुळे चौथा हप्ता माझ्याच खात्यातून, शेऱ्यात आधी प्रवेश क्रमांक आणि मग नाव, कारण शेरा लांबला तर शेवट कापला जाऊ शकतो. मुदतीच्या आठ दिवस आधी पाठवला. पावती चौथ्या दिवशी आली. बाकी: शून्य.