पाहुण्यांच्या स्लाइडवरून शो नोट्स: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या पॉडकास्टच्या केळीवरच्या एका भागाच्या शो नोट्समधला प्रत्येक टाइमस्टॅम्प ४७ सेकंदांनी चुकला. सुरुवातीचं संगीत नोट्स लिहून झाल्यावर जोडलं होतं, एवढंच कारण. 'हरण्या रोग कसा ओळखावा' यावर टिचकी मारणाऱ्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला भलतंच बोलणं ऐकू यायचं. पाहुण्यांच्या स्लाइडप्रमाणे खुणा करून नोट्स लिहायची ही पद्धत सात महिने वापरल्यावर सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं ते याच दोषाबद्दल, कारण बाकीच्या चुका वाचताना दिसतात आणि ही दिसत नाही.

इलाज फुकटात आहे. ऑडॅसिटी ३ या ध्वनिसंपादन प्रोग्राममध्ये आवाजाच्या ट्रॅकच्या लगेच खाली वेळेच्या खुणांचा लेबल ट्रॅक ठेवायचा आणि `Tracks` मेनूतलं `Sync-Lock` चालू करायचं. ट्रॅक निवडल्यावर दोन्हींवर घड्याळाचं छोटं चिन्ह दिसलं, की ते एकमेकांना बांधले गेले. आता मधला खोकला कापला किंवा सुरुवातीला संगीत पेस्ट केलं, तरी लेबलं आवाजासोबत सरकतात. मध्ये दुसरा आवाजाचा ट्रॅक आला तर तोही त्याच गटात बांधला जातो, म्हणून क्रम बघून घ्या. कापाकापी सुरू करण्याआधी हे चालू नसेल तर नंतर चालू करून आधीची चूक भरून निघत नाही. दर महिन्याला पैसे घेणारी साधनं फक्त यासाठी घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

खुणा करायची रीत अशी: रेकॉर्डिंग चालू करून स्लाइड समोर ठेवा आणि पाहुणे नव्या मुद्द्यावर आले की `Ctrl+M` दाबून फक्त स्लाइडचा क्रमांक लिहा. हात तीन-चार सेकंद उशिरा पडतो, ते शेवटी वजा करा. `File > Export Other > Export Labels` केलं की वेळ सेकंदांत मिळते:

```
754.300000	754.300000	S12
```

७५४ सेकंद म्हणजे १२:३४. चार सेकंद वजा केले की १२:३० राहतात.

पहिले दोन महिने स्लाइडचं शीर्षक तेच नोट्समधल्या प्रकरणाचं नाव, असं सोपं गणित वाटत होतं. ते मत आता पूर्ण बदललं आहे. त्या केळीच्या भागात ३२ स्लाइड होत्या आणि बाराव्या स्लाइडचं शीर्षक नुसतं 'व्यवस्थापन'. पाहुणे मात्र सांगत होते की हरण्या रोगाचा विषाणू मावा पसरवतो, लागण झालेलं झाड बरं होत नाही, ते उपटून नष्टच करावं लागतं आणि बागेत किंवा बांधाला काकडीवर्गीय पिकं ठेवू नयेत. ऐकणाऱ्याला उपयोगाचं नाव आहे 'रोगट झाड उपटायचं की वाचवायचं?'. ३२ पैकी आठच खुणा नोट्समध्ये राहिल्या आणि तेवढ्या पुरल्या.

मुद्दे लिहिताना स्लाइडवरचा आकडा तसाच उचलू नका. स्लाइडवर दीड बाय दीड मीटर लागवडीला 'झाडे ४४४४' होतं, तोंडी पाहुणे 'अठराशेच्या आसपास' म्हणाले. चूक कुणाचीच नव्हती, पहिला आकडा हेक्टरी आणि दुसरा एकरी. नोट्समध्ये दोन्ही एककांसह लिहिलं नाही, तर ऐकणारा एकराला ४४४४ रोपं मागवायला निघेल.

पाहुण्यांकडे पीडीएफ मागू नका, मूळ पीपीटीएक्स फाइल मागा. बऱ्याचदा खरे मुद्दे स्लाइडखालच्या वक्त्याच्या टिपणांत असतात आणि नेहमीच्या पीडीएफमध्ये ती टिपणं येत नाहीत. शिवाय एकेक करून उमटणाऱ्या ओळी पीडीएफमध्ये एकदम दिसतात, त्यामुळे एकाच स्लाइडवर नऊ मिनिटं बोलणं झालंय हे कळत नाही. अशा स्लाइडला `S12a`, `S12b` अशा दोन-तीन खुणा द्या. 'हे पान बघा, कडा कशा पिवळ्या पडल्यात' असं वाक्य आलं की त्या चित्रात काय आहे ते एका ओळीत लिहा. फोटो मात्र पाहुण्यांना विचारल्याशिवाय नोट्समध्ये टाकू नका.

यूट्यूबवर प्रकरणं दिसायला पहिली वेळ `00:00` हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक प्रकरण किमान दहा सेकंदांचं हवं. वेळेचे आकडे इंग्रजीतच टाइप करा, नावं मराठीत:

```
00:00 ओळख
06:15 हरण्या रोगाची पानांवरची लक्षणं
12:30 रोगट झाड उपटायचं की वाचवायचं?
```

एका ठिकाणी ही पद्धत अजूनही हरते. होस्टिंग सेवा ऐकण्याच्या वेळी सुरुवातीला जाहिरात घुसवत असेल, तर ती प्रत्येकाला वेगळ्या लांबीची मिळू शकते आणि मजकुरातल्या वेळा पुन्हा सरकतात. सिंक-लॉक तिथे काही करू शकत नाही. केळीच्या त्या भागासाठी सुरुवातीची जाहिरात बंद करून ती शेवटच्या प्रकरणानंतर ठेवली, तेव्हा कुठे १२:३० ला उपटायच्या झाडाचंच बोलणं लागलं.