एक स्टार दिला होता, आता तीन (सात महिने खेळल्यावर)

गेम कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. मागच्या आठवड्यात अपडेट आला आणि दुसऱ्या दिवसापासून गेम उघडला की लोगो दिसायचा, तीन सेकंदांत गायब, परत होम स्क्रीन. फोन बंद-चालू केला, तेच. रागाच्या भरात एक स्टार टाकून मोकळा झालो.

मग शांतपणे बसलो. आयकॉन दाबून धरला, अॅप इन्फोमध्ये गेलो, स्टोरेज उघडलं. कॅशे १.३ जीबी! इथे माझा खरा राग आहे: `Clear cache` आणि `Clear storage` ही बटणं अगदी शेजारी-शेजारी. पहिलं दाबलं तर फक्त तात्पुरत्या फाइल्स जातात. दुसरं दाबलं की गेमचा फोनमधला सगळा डेटा साफ. मी गेस्ट म्हणून खेळत होतो, म्हणजे ६१ लेव्हल फोनमध्येच. अंगठा जरा सरकला असता तर सात महिने पाण्यात. आधी गेमला अकाउंट जोडायला हवं होतं, पण गेम उघडतच नसेल तर जोडणार कुठून? गेम चालत असतानाच जोडून टाका.

कॅशे काढल्यावर गेम लोगोच्या पुढे गेला. लोडिंगची पट्टी चार मिनिटं रेंगाळली. पहिल्यांदा असं होतं, काढलेल्या ग्राफिक्सच्या फाइल्स नव्याने तयार होतात, तेव्हा अडकला समजून बंद करू नका. पण पट्टी संपली आणि गेम पुन्हा पडला. तरी पडायची जागा बदलली होती, म्हणजे जुनी कॅशे हे एक कारण होतंच, आणखी काहीतरी शिल्लक होतं.

सिस्टीम व्हर्जन पाहिलं: अँड्रॉइड १३. गेमला ९ पुरतं, म्हणून मी तो विषय सोडून दिला होता. चूक तिथेच. खालच्या ओळीत सिक्युरिटी अपडेटची तारीख आठ महिने जुनी! सिस्टीम अपडेट मी मोबाइल डेटा वाचवायला रोज 'नंतर' म्हणून ढकलत होतो. बऱ्याच फोनमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर याच अपडेटबरोबर येतो, आणि नव्या गेमची जुन्या ड्रायव्हरशी गाठ पडली की तो असा पडू शकतो. रात्री वायफायवर अपडेट टाकला. आकडा १३ च राहिला, तारीख तेवढी बदलली, आणि गेम चालला. ड्रायव्हरच कारणीभूत होता की अपडेटमधलं दुसरं काही, ते छातीठोक सांगता येणार नाही.

माझ्या कंजूषपणाचा दोष गेमवर नको, म्हणून एकाचे तीन स्टार केले. उरलेले दोन नाही देणार. 'तुमची सिस्टीम जुनी आहे' एवढी एक ओळ दाखवायला काय जात होतं? गपचूप बंद पडतो, आणि आपण शोधत बसायचं. अकाउंट मात्र त्याच रात्री जोडलं.