नेतृत्व, व्यवस्थापन, सेवक नेतृत्व, भावनिक बुद्धिमत्ता: निबंधात कोणत्या प्रश्नाला कोणती चौकट घ्यावी?

प्रकल्पातल्या माणसांवरचा प्रश्न एमबीएच्या पेपरात येवो की यूपीएससीच्या सामान्य अध्ययन ४ मध्ये, बहुतेक उत्तरं एकाच वाटेने जातात. मधोमध उभी रेघ, डावीकडे व्यवस्थापक, उजवीकडे नेता. व्यवस्थापक नियम पाळतो, नेता स्वप्न दाखवतो. मग सेवक नेतृत्वाची व्याख्या, भावनिक बुद्धिमत्तेचे पाच घटक, आणि संपलं. यात चुकीचं फारसं काही नसतं, पण परीक्षकाला जे हवं असतं ते मिळत नाही. एकाच प्रसंगाकडे या चौकटी वेगवेगळ्या कशा बघतात आणि त्यातली कोणती कुठे कमी पडते, हे त्याला वाचायचं असतं. म्हणून इथे एकच प्रसंग घेऊन तो तिन्ही चौकटींतून वाचून दाखवतो. आपल्या प्रश्नाला कोणती चौकट घ्यायची, हे त्यातून ठरवता येईल.

प्रसंग: २७ जानेवारी १९८६ची रात्र

दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर अवकाशयान सुटणार होतं. फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली होती आणि रात्री पारा शून्याखाली जाण्याचा अंदाज होता. यानाचे घन इंधनाचे बूस्टर मॉर्टन थायोकोल ही कंपनी बनवायची. बूस्टरच्या तुकड्यांच्या सांध्यांत रबराच्या कड्या असत, त्यांना ओ-रिंग म्हणतात. थंडीत रबर कडक होतं, सांधा वेळेत बंद होत नाही आणि तप्त वायू बाहेर झिरपू शकतो, ही कंपनीच्या इंजिनियरांची भीती होती. रॉजर बॉइसजॉली आणि आर्नी थॉम्पसन हे त्यांत पुढे होते.

संध्याकाळी दूरध्वनीवर बैठक झाली. युटामधून कंपनी, अलाबामातून नासाचं मार्शल केंद्र आणि फ्लोरिडातून केनेडी केंद्र असे तिघे जोडलेले होते. कंपनीने शिफारस केली, की ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण करू नये. त्याआधीचं सगळ्यात थंड उड्डाण याच तापमानाला झालं होतं. मार्शलच्या अधिकाऱ्यांनी या शिफारशीवर तीव्र नापसंती दाखवली. लॅरी मुलॉय यांनी तर मग उड्डाण एप्रिलमध्ये करायचं का, असाच सवाल केला. कंपनीने पाच मिनिटं आपसात बोलायला मागितली. ती चर्चा अर्धा तास चालली.

त्या अर्ध्या तासात वरिष्ठ उपाध्यक्ष जेरी मेसन यांनी इंजिनियरिंगचे प्रमुख बॉब लंड यांना सांगितलं, की इंजिनियरची टोपी उतरव आणि मॅनेजरची टोपी घाल. त्यानंतर फक्त चार व्यवस्थापकांचं मत घेतलं गेलं. बैठक पुन्हा सुरू झाली तेव्हा कंपनीची शिफारस बदललेली होती. कुणाची हरकत आहे का, असं विचारल्यावर कुणीही बोललं नाही. केनेडी केंद्रात असलेले कंपनीचे प्रतिनिधी ॲलन मॅकडोनाल्ड यांनी संमतीपत्रावर सही करायला नकार दिला. ती सही युटामधून झाली. दुसऱ्या दिवशी यान सुटलं तेव्हा तापमान सुमारे २ अंश सेल्सियस होतं. ७३ सेकंदांत यान हवेतच तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

पहिली चौकट: व्यवस्थापन विरुद्ध नेतृत्व

या फरकासाठी जॉन कॉटर यांची १९९०ची मांडणी सगळ्यात उपयोगी पडते. त्यांच्या मते व्यवस्थापन गुंतागुंत हाताळतं आणि नेतृत्व बदल हाताळतं. व्यवस्थापनाकडे नियोजन आणि अंदाजपत्रक, माणसांची रचना, नियंत्रण आणि अडचणी सोडवणं ही कामं येतात. नेतृत्वाकडे दिशा ठरवणं, माणसांना त्या दिशेने एकत्र आणणं आणि त्यांच्यात जोर भरणं. दोन्ही लागतात असं कॉटर स्वतः स्पष्ट सांगतात. व्यवस्थापक वाईट आणि नेता चांगला, अशा तक्त्याला त्यांचा आधार नाही.

चॅलेंजरच्या प्रसंगात इथेच विद्यार्थी घसरतात. मेसन यांचं वाक्य सापडलं की ते लिहून टाकतात, की व्यवस्थापन जिंकलं आणि नेतृत्व हरलं. माझ्या मते हे वाचन उलटं आहे. त्या रात्री चांगलं व्यवस्थापन झालं असतं तर यान थांबलं असतं. ओ-रिंगच्या आधीच्या त्रासानंतर, १९८५च्या उन्हाळ्यात, मार्शलनेच उड्डाणांवर अधिकृत बंधन घातलं होतं. पुढच्या प्रत्येक उड्डाणाला ते सूट देऊन बाजूला सारलं गेलं. शिवाय उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या नासाच्या वरच्या पातळीपर्यंत त्या रात्रीचा वाद पोहोचलाच नाही. बंधन पाळणं आणि माहिती वर नेणं हे नियंत्रणाचं, म्हणजे शुद्ध व्यवस्थापनाचं काम आहे आणि नेमकं तेच कोसळलं. मेसन ज्या टोपीबद्दल बोलत होते तिच्यात वेळापत्रक आणि ग्राहकाची, म्हणजे नासाची, नाराजी यांचाच विचार होता. व्यवस्थापनाच्या शिस्तीला तिथे जागा नव्हती.

या चौकटीची मर्यादाही लिहा. ती कामांची वाटणी सांगते, पण चार शहाणी माणसं त्या अर्ध्या तासात का फिरली हे सांगत नाही.

दुसरी चौकट: सेवक नेतृत्व

रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी एटी अँड टी कंपनीत दीर्घ काळ काम केलं आणि १९७०मध्ये ही कल्पना मांडली. सेवेची ओढ आधी, नेतेपण नंतर. त्यांची कसोटी व्याख्येपेक्षा जास्त कामाची आहे: ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का, अधिक शहाणी आणि स्वतंत्र झाली का, आणि समाजात सगळ्यात कमी बळ असलेल्यांचं काय झालं?

प्रकल्पात ही कसोटी लावताना आधी विचारावं लागतं की सेवा कुणाची. कंपनीने त्या रात्री ग्राहकाची मर्जी राखली. ती सेवा म्हणावी का? ग्रीनलीफच्या कसोटीवर ती टिकत नाही, कारण त्या बैठकीत ज्यांचं काहीच चालत नव्हतं ते यानात बसणारे सात जण होते आणि त्यांना या वादाची कल्पनाही नव्हती. मॅकडोनाल्ड यांचा नकार मात्र या चौकटीत नीट बसतो. ते कुणाचे वरिष्ठ म्हणून वागले नाहीत. अनुपस्थित माणसांच्या बाजूने उभे राहिले आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली. चौकशी आयोगापुढे बोलल्यावर त्यांना कामावरून बाजूला काढलं गेलं. अमेरिकन काँग्रेसच्या दबावानंतर ते परतले आणि बूस्टरचा सांधा नव्याने घडवण्याचं काम त्यांच्याकडे आलं.

चिकित्सक प्रश्न असेल तर इथे दोन अडचणी मांडता येतात. एक म्हणजे माणसं वाढली का हे दिसायला वर्षं लागतात आणि प्रकल्पाचा संघ काही महिन्यांत विखुरतो. त्यामुळे ही कसोटी कायमच्या संस्थेत जितकी चालते तितकी प्रकल्पात चालत नाही. दुसरी म्हणजे सेवक नेत्याने शेवटी नाही म्हणायचं कसं, हे या कल्पनेत पुरेसं उलगडलेलं नाही. संघाच्या वाटेतले अडथळे काढणारा माणूस सगळ्यांना हो म्हणत राहिला तर तो नेता उरत नाही. सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत हा गोंधळ खराखुरा झाला. स्क्रम ही छोट्या टप्प्यांत संघाने काम करण्याची पद्धत. तिच्या २०१७च्या अधिकृत मार्गदर्शिकेत, संघाला ती पद्धत नीट वापरायला मदत करणाऱ्या स्क्रम मास्टरला सेवक नेता म्हटलेलं होतं. २०२०च्या आवृत्तीत ते बदलून सेवा करणारे खरे नेते असं केलं गेलं. ॲजाइलवरच्या, म्हणजे स्क्रमसारख्या पद्धतींवरच्या, प्रश्नात हा बदल नोंदवला, तर तुम्हाला विषयाची अलीकडची माहिती आहे हे परीक्षकाला कळतं.

तिसरी चौकट: भावनिक बुद्धिमत्ता

पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी १९९०मध्ये ही एक क्षमता म्हणून मांडली: स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखणं, त्यांतला फरक समजणं आणि त्या समजेचा विचार करताना उपयोग करणं. डॅनियल गोलमन यांनी ती लोकप्रिय केली आणि नेत्यांसाठी स्वजाणीव, स्वनियंत्रण, प्रेरणा, सहवेदना आणि सामाजिक कौशल्य असे पाच घटक सांगितले. उत्तरात हा फरक एका वाक्यात तरी यावा. पहिली मांडणी क्षमतेची आहे आणि ती चाचणीने मोजता येते. दुसरीत स्वभाव आणि कौशल्य मिसळलेले आहेत, म्हणून तिच्यावर टीका जास्त होते.

पहिल्या चौकटीला न सुटलेला प्रश्न इथे सुटायला लागतो. ग्राहकाची नाराजी ऐकून खोली आकसली. लंड यांच्यावरचा ताण त्यांना स्वतःला किती उमगला होता, हा स्वजाणिवेचा प्रश्न आहे. हरकत आहे का असं विचारल्यावर शांतता पसरली आणि ती संमती मानली गेली. भावना वाचणाऱ्या माणसाने त्या शांततेचा अर्थ तसा लावला नसता. तो बॉइसजॉली यांना नाव घेऊन विचारतो: अजूनही तुझं मत तेच आहे का? प्रकल्पात याला विशेष वजन आहे, कारण प्रकल्प व्यवस्थापकाकडे जबाबदारी असते पण बढती-पगाराचा अधिकार बहुधा विभागप्रमुखाकडे असतो. हुकूम चालत नाही तिथे माणसं वाचावीच लागतात.

पण इथेही थांबायला हवं. इंजिनियरांचा पुरावा त्या रात्री अपुरा होता. ओ-रिंगमधून वायू झिरपल्याची एक घटना ७५ अंश फॅरनहाइटच्या उड्डाणातही झाली होती आणि तापमानाशी असलेलं नातं त्यांना तक्त्यांतून ठामपणे दाखवता आलं नाही. ती उणीव सहवेदनेने भरून निघत नाही. आणि मेसन यांनी लंड यांना फिरवलं तेही माणूस ओळखूनच. भावनिक कौशल्य चुकीच्या निर्णयाच्या कामीही येतं, ही ओळ फार थोड्या उत्तरांत दिसते.

मग निवड कशी करायची?

प्रश्नात ‘फरक स्पष्ट करा’ असेल तर पहिली चौकट मुख्य ठेवा आणि फरक प्रसंगात कुठे दिसतो ते दाखवा. सेवक नेतृत्वाचं ‘मूल्यमापन करा’ असेल तर ग्रीनलीफची कसोटी घ्या आणि सेवा कुणाची या प्रश्नावर उत्तराचा निम्मा भाग खर्च करा. संघातला संघर्ष, मौन, दबाव किंवा नैतिक पेच विचारला असेल तर भावनिक बुद्धिमत्ता पुढे आणा. तिन्ही एकत्र विचारल्या असतील तर मी एकीला कणा करतो आणि उरलेल्या दोन तिच्या त्रुटी दाखवायला वापरतो. तिघींना समान परिच्छेद दिले की उत्तर पुन्हा व्याख्यांचं होतं.

सुरुवात कशी असावी, तर अशी: ‘चॅलेंजरच्या उड्डाणापूर्वीचा निर्णय नेतृत्वाच्या अभावाचा म्हणून सांगितला जातो, परंतु स्वतः घातलेलं बंधन वारंवार शिथिल करणं आणि वाद वरच्या पातळीला न कळवणं, हे आधी व्यवस्थापनाचं अपयश होतं.’ यात भूमिका आहे, प्रसंग आहे आणि कुणाशी मतभेद आहे तेही आहे. व्याख्या दुसऱ्या परिच्छेदात, भूमिकेच्या गरजेपुरत्या.

१५० शब्दांचं उत्तर असेल तर प्रसंग दोन वाक्यांत आटोपून एकच चौकट घ्या. मोठ्या उत्तरात दुसरी चौकट आणा, पण प्रसंग तोच ठेवा. चॅलेंजरऐवजी दुसरा प्रकल्प घ्यायचा असेल तर असा घ्या, ज्यात कुणी काय म्हटलं, कुणी सही केली आणि कुणापर्यंत माहिती पोहोचली नाही हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे.