खेकड्याचे पाय घसरत होते, आणि तरीही मी ४१,९०० रुपये दिले

प्रोसिजरल वॉकच्या, म्हणजे आधी बनवून न ठेवता कोडने त्या त्या क्षणी घडवलेल्या चालीच्या नावाखाली माझी जी फसवणूक झाली, ती दुसऱ्या कोणाची होऊ नये म्हणून हे लिहीत आहे. माझ्या गेमसाठी मला जांभ्याच्या उंचसखल कातळावरून आडवा चालणारा, आठ पायांचा एक मोठा खेकडा हवा होता. रिगिंगचे, म्हणजे पात्राला हलवता येणारा सांगाडा बसवण्याचे काम करणाऱ्या एका गृहस्थाशी ४८,००० रुपयांना व्यवहार ठरला. टेकलेला पाय जमिनीला धरून राहील, प्रत्येक पाऊल कुठे टाकायचे ते जमीन बघूनच ठरेल आणि शरीर पायांच्या मागे जाईल, हे मी ईमेलमध्ये स्पष्ट लिहिले होते. २४,००० रुपये आगाऊ दिले.

तीन आठवड्यांनी चित्रफीत आली. खेकडा सुरेख चालत होता, नांग्या हलत होत्या, पाठही डोलत होती, आणि मी त्याच रात्री १४,४०० रुपयांचा दुसरा हप्ता पाठवला. चित्रफितीतली जमीन एकरंगी, सपाट, करड्या रंगाची होती. तिच्यावर एक रेघसुद्धा नव्हती. रेघ नसेल तर पाय घसरतो की टेकतो हे डोळ्यांना कळतच नाही, आणि ही गोष्ट मला, दहा वर्षे गेम बनवणाऱ्याला, सुचायला हवी होती. शेवटी खेकडा जागच्या जागी वळला, तेव्हा आठही पाय एखाद्या झाकणासारखे शरीराबरोबर गोल फिरले. ते मी पाहिले, दोनदा पाहिले, आणि ‘हे शेवटी नीट करतील’ असे मनाशी म्हणून पुढे गेलो. त्या आठवड्यात मला प्रकाशकाला नमुना दाखवायचा होता आणि माझा आजवरचा सगळा अनुभव दोन पायांच्या पात्रांचा होता. तरीही तो क्षण आठवला की आजही झोप उडते.

त्यानंतर ‘सोर्स फाइल उघडून देण्याचे’ म्हणून ३,५०० रुपये घेतले गेले. फाइल उघडली तेव्हा प्रत्येक पायामागे एवढेच होते:

```
foot.localPosition = home +
  Vector3.right * Mathf.Sin(Time.time * speed + phase) * stride;
```

म्हणजे पायाचे लक्ष्य शरीरालाच बांधलेले आणि पाऊल घड्याळावर चाललेले. खेकडा थांबवला तरी पाय चालतच राहतात, दगडावर चढवला तर दगडात घुसतात. पाठीचे डोलणेही दुसऱ्या एका साइन लाटेवर होते. पायांशी त्याचा काही संबंध नव्हता.

खरे काम कसे असते हे मी नंतर स्वतः करताना शिकलो. प्रत्येक पायाची एक मूळ जागा शरीराबरोबर सरकते, पण टेकलेला पाय जगाच्या निर्देशांकांत स्थिर राहतो. या दोहोंतले अंतर ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की पाऊल उचलायचे. आठ पायांचे चार-चारचे दोन गट करायचे: डावीकडचा पहिला व तिसरा उजवीकडच्या दुसऱ्या व चौथ्याबरोबर, आणि उरलेले दुसऱ्या गटात. एक गट हवेत असताना दुसऱ्याने उचलायचे नाही. माझा खेकडा सेकंदाला १.२ मीटर चालतो, पाऊल ०.२ सेकंद हवेत आणि ०.२ सेकंद जमिनीवर असते. पाय उचलताना तो मूळ जागेच्या १२ सेंटिमीटर मागे असतो. हवेतल्या वेळात शरीर २४ सेंटिमीटर पुढे जाते, आणि टेकताना पाय मूळ जागेच्या १२ सेंटिमीटर पुढे पडायला हवा. म्हणून उचलण्याच्या क्षणी मूळ जागा जिथे असते, तिच्यापुढे ३६ सेंटिमीटरवर लक्ष्य ठेवायचे आणि तिथे वरून रेकास्ट टाकून, म्हणजे खाली एक अदृश्य किरण सोडून तो कुठे आदळतो ते पाहून, जमिनीची उंची घ्यायची. लक्ष्य केवळ मूळ जागेवर ठेवले, तर पाय सतत मागे पडतात आणि खेकडा स्वतःला ओढत नेल्यासारखा दिसतो. शरीराची उंची पायांच्या सरासरी उंचीवरून घ्यायची. डोलणे हवे असेल तर टेकलेल्या चार पायांच्या मध्याकडे शरीर थोडेसे, सावकाश झुकू द्यायचे.

काम देणाऱ्यांनी चौकटींच्या जमिनीवरची चित्रफीत मागावी, आणि त्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नये. खेकडा मध्येच थांबवून दाखवायला सांगावे.

तक्रारीचा अनुभव मात्र याहून कडू आहे. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवले आहेत, ते परत मागवता येत नाहीत. पोलीस ठाण्यात हा दिवाणी वाद असल्याचे सांगून मला सायबर कक्षाकडे पाठवले, आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी चित्रफीत पाहून विचारले, “चालतोय की खेकडा, मग फसवणूक कुठे झाली?” मी लॅपटॉप उघडून, चौकटींची जमीन लावून, घसरणारा एकेक पाय दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि अर्ज पुन्हा पोलीस ठाण्याकडे पाठवला. अशा चार फेऱ्या झाल्या. लेखी उत्तर एकही मिळालेले नाही. ईमेलमधला करार, तिन्ही पावत्या आणि त्या कोडच्या ओळी मी प्रत्येक वेळी छापून देतो. कामाचे वर्णन लेखी ठेवा, कारण फोनवरच्या बोलण्याला कोणी विचारत नाही.

त्या गृहस्थांच्या नमुन्यांत माझा खेकडा अजूनही त्याच करड्या जमिनीवर चालतो आहे.